वाढत्या पायाच्या सपाता

आमच्या घरात कुठलीही वस्तू अंगाबरोबर कधी आली नाही. फ्रॉक शिवायचा तर गुडघ्याखाली चार बोटं सोडून, आणि वर आत दुमडलेली पट्टी वेगळी. दर दिवाळीला ती पट्टी थोडी थोडी उसवायची. चपला घ्यायच्या तर टाचेमागं एवढी जागा उरायची की मी येतेय हे शेजाऱ्यांना आधी कळायचं. कुणी हसलं की आईचं उत्तर तयार असे, "अंग वाढतं हाय तिचं. उद्या कुठं जाऊ?" मी मुळातच रागीट. त्या फटक-फटक आवाजाचा मला असा संताप यायचा की मी चपला काखेत मारून अनवाणी शाळेत जायची, आणि मग त्याबद्दल वेगळा मार खायची.

गाव धाराशिव. कागदावर उस्मानाबाद, तोंडात धाराशिव. निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, रस्ते आणि तलाव बांधणाऱ्या इंजिनियरसाहेबांच्या कचेरीत हेडक्लार्क होते. जुनी दप्तरं उर्दूत, नवे हुकूम मराठीत, आणि दोन्ही वाचणारा माणूस तिथं एकच. अण्णांचा दुसरा लौकिक असा की त्यांच्या कागदावर खाडाखोड नसायची. चुकलं तर सगळा कागद नव्यानं लिहीत. रेघ ओढायची ती एकदाच, असं ते म्हणत, आणि आम्हा पोरांच्या वह्या बघून कपाळाला हात लावत.

मी नऊ वर्षांची असताना मुंबईहून नवे साहेब बदलून आले. त्यांच्या बायकोला सगळे बाईसाहेब म्हणत. पारशी होत्या, बारीक अंगाच्या, मान अशी सरळ की डोक्यावर घागर ठेवली तरी हलायची नाही. सहा वर्षांच्या असल्यापासून त्या बॅले शिकलेल्या, पुढं मुंबईत मुलींना शिकवायच्या. बॅले म्हणजे काय हे आमच्या गावात कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आपली मुलगी इथं येऊन नाच विसरेल ही त्यांना धास्ती, आणि एकटी पोर शिकत नाही हा अनुभव. म्हणून सिव्हिल सर्जनच्या दोन मुलींना त्यांनी बोलावलं, आणि चौथी मी. माझी निवड कशी झाली म्हणाल, तर अण्णा एकदा साहेबांना बोलून गेले होते की आमची पोरगी एका जागी बसत नाही.

बंगल्यात सगळीकडं शहाबादी फरशी. दगडावर उड्या मारल्या तर गुडघे जातात म्हणून बाईसाहेबांनी मोटार उभी करायची खोली रिकामी करून घेतली आणि सुताराकडून तिथं फळ्यांची जमीन ठोकून घेतली. भिंतीला माझ्या छातीइतक्या उंचीवर सागवानी दांडा बसवला. कोपऱ्यात ग्रामोफोन. साहेबांची मोटार वर्षभर लिंबाखाली उन्हात उभी राहिली, आणि याचं शिपायांना फार नवल वाटायचं.

पहिल्या दिवशी बाईसाहेब आम्हाला म्हणाल्या, "आधी बघा, मग शिका." त्यांनी ग्रामोफोन लावला, पायात जुन्या, मळक्या गुलाबी सपाता चढवल्या आणि त्या नाचल्या. मी तोवर नाच पाहिला होता तो जत्रेतला, तमाशातला लांबून, आणि देवीच्या गोंधळातला. तिथं पाय जमिनीशी बोलतो, घुंगरू वाजतात, धूळ उडते. इथं आवाजच नव्हता. त्या खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला उडी मारून गेल्या आणि खाली उतरल्या तर फळीसुद्धा कुरकुरली नाही. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. माणसाच्या देहाला हे जमतं आणि आजवर मला कुणी सांगितलं कसं नाही, याचा मला रागच आला. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही, आणि आईला वाटलं माझ्या पोटात दुखतंय.

पहिला महिना आम्ही अनवाणी शिकलो. मग सपाता मागवायचं ठरलं. त्या मुंबईच्या एका दुकानात मिळत, आणि पाय तिथं पाठवायचा तो कागदावर. बाईसाहेबांनी अण्णांना समोर बसवून समजावलं. मुलीला कागदावर उभी करा, बसवू नका, कारण अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं. बोटं सरळ, सैल, आखडलेली नकोत. पेन्सिल उभी धरा, आत कलली तर माप लहान येतं. आणि सगळ्यांत लांब बोट कुठलं ते बघा. "हिचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून पुढं आहे. माप त्याचं. या सपातांत बोट पुढच्या चामड्याला नुसतं लागलं पाहिजे. जागा सोडायची नाही. वाढीसाठीपण नाही. कळलं?"

अण्णांनी मान डोलावली. त्यांना कळलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी कचेरीतला कोरा फूलस्केप जमिनीवर अंथरला आणि मला त्यावर उभी केली. पेन्सिल टोक काढून आणलेली. ते माझ्या पायाशी उकिडवे बसले, आणि आई भाकरीचं पीठ लागलेले हात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"बोटभर सोडून काढा," ती म्हणाली.

"अगं, त्यांनी मुद्दाम सांगितलंय, जागा सोडायची न्हाय."

"त्यांचं काय जातंय. पोरीचा पाय लई झपाट्यानं वाढतोय. चार महिन्यांत टाकून द्यायच्या का? पुढं कापूस घालता येतो."

अण्णा बराच वेळ पेन्सिल धरून बसले. मग ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एक आकडा खोटा लिहिला नाही, त्यानं माझ्या पायाभोवती, पायापासून बोटभर लांब, एक सुरेख रेघ ओढली. कुठं थरथर नाही, खाडाखोड नाही. त्या कागदावरचा पाय माझा नव्हता, पण दिसायला इतका खरा होता की मलासुद्धा वाटलं, असेल आपला पाय एवढा.

श्रावणात पार्सल आलं. गुलाबी कातड्याच्या सपाता, आत पांढरं अस्तर, पुढं चुण्या घातलेल्या, काठातून ओवलेली बारीक नाडी. मी असं काही सुंदर तोवर हातात धरलं नव्हतं. गंमत म्हणजे डावी-उजवी काही फरकच नाही, दोन्ही सरळ, ज्या पायात घालाल तो पाय त्यांना आपलासा करून घेतो. मी त्या घालून आरशासमोर उभी राहिले. पुढं आईनं कापूस दाबून भरला होता. टाच मागं लोंबत होती, ती नाडी करकचून बांधून जागेवर आणली. मला वाटलं झालं काम.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईसाहेब गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी अंगठ्यानं माझ्या सपातेचं टोक दाबलं. कापूस आत गेला. त्यांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी एकेकीचे पाय तपासले, सपात मापात आहे का हे कसं बघायचं ते सांगितलं, आणि ते मी आजतागायत विसरलेले नाही. आधी सरळ उभं राहायचं, सगळी बोटं आत पसरून सपाट पडली पाहिजेत, टोकाला टेकलेली पण दुमडलेली नाहीत. मग गुडघे वाकवायचे, तेव्हा पाऊल आतल्या आत लांबतं, तेव्हासुद्धा बोट मुडपता कामा नये. मग पाय पुढं ताणून बोटं लांब करायची, तेव्हा टाचेपाशी थोडं कातडं सुटतं, ते चिमटीत जरासं यावं. मूठभर आलं तर सपात मोठी. माझ्या टाचेपाशी सशाच्या कानाएवढं कातडं आलं.

"नाडी काठ बसवायला असते," त्या म्हणाल्या, "मोठी सपात लहान करायला नाही. आणि घोट्यामागच्या शिरेवर एवढी आवळून बांधलीस तर शीर धरेल."

मी हट्टानं म्हणाले, मला नाचता येतंय. त्यांनी हो म्हटलं, उडी मार बघू. मी धावत गेले, उडी मारली आणि उतरताना पुढचं रिकामं कातडं माझ्याच पायाखाली दुमडलं. मी फळ्यांवर अशी पडले की दाताखाली जीभ आली. घोटा वाचला तो केवळ नशिबानं. बाईसाहेबांनी मला उठवलं, तोंड धुतलं, आणि रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "या सपातांत उडी नाही. जानेवारीत शाळेचं गॅदरिंग आहे, त्यात मी तुम्हा चौघींना घेणार आहे. पायाबरोबरच्या सपाता असतील तर तू. नाहीतर तू दांड्यापाशी."

घरी मी काय थयथयाट केला ते सांगायला आज लाज वाटते. आईला म्हणाले, तुझ्या बोटभरानं माझा नाच खाल्ला. आई चुलीशी होती, वळलीसुद्धा नाही. अण्णा मात्र पडलेल्या चेहऱ्यानं बसून राहिले. त्यांना रेघेचं लागलं होतं. दुसऱ्या दिवशी ते बंगल्यावर गेले आणि बाईसाहेबांना उभ्याउभ्या सांगून आले की माप चुकलं नव्हतं, चुकवलं होतं.

मुंबईला पुन्हा मागवायचं नाव घरात काढायची सोय नव्हती. बाईसाहेबांनीच विचारलं, गावात बारीक काम करणारा कुणी कारागीर आहे का. अण्णा म्हणाले, एक आहेत. दर्ग्याच्या रस्त्याला एक म्हातारे जोडेवाले होते, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. तरुणपणी हैदराबादेत अमीर-उमरावांच्या जनान्यासाठी मऊ जोडे करायचे. राज्य गेलं, अमीर गेले, चाचा गावी परतले आणि शेतकऱ्यांच्या वहाणांना टाचा ठोकत बसले.

बाईसाहेब स्वतः आल्या. दुकान कसलं, तीन फूट रुंदीचा ओटा आणि वर तरट. बाईसाहेब त्या ओट्याच्या कडेला बसल्या, साडीचा काठ धुळीत, आणि रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. चाचांनी सपात हातात घेतली. वास घेतला. काठ उलटा केला, शिवण कुठं आहे ते नखानं चाचपलं आणि हसले.

"ये तो उलटी शिवून सुलटी केलीय," ते म्हणाले. "आमचं कामच हाय ये. डावं-उजवं भी न्हाय. कोण बोललं ये विलायती हाय?"

बाईसाहेबांनी अण्णांनी काढलेला मापाचा कागद पुढं केला, आता खऱ्या रेघेचा, नव्यानं काढलेला. चाचांनी तो पाहिला आणि बाजूला ठेवला. "कागदावर पाय नुसता निजतो, बाईसाहेब. बेटी काम काय करते ते बघू द्या."

मग भर बाजारात, ओट्यावरच्या कातडं कापायच्या फळीवर मी उभी राहिले. सरळ. मग गुडघे वाकवून. मग टाचा उचलून. मग एक पाय ताणून. दर वेळी चाचा डोळे मिटून माझी बोटं हातात धरायचे. त्यांचे हात खरखरीत, कातडं तासायच्या रापीच्या घावांनी भरलेले, पण पकड इतकी हलकी की मला गुदगुल्या झाल्या. बाईसाहेब सांगायच्या आणि चाचा आपलं उत्तर द्यायचे. त्या म्हणाल्या, वाकताना पाऊल लांबतं. चाचा म्हणाले, हौ, ज्वारीच्या दाण्याएवढं. त्या थबकल्या. म्हणाल्या, इतक्या वर्षांत मी ते कधी मोजलं नाही. मुंबईची बाई आणि आमचे चाचा, एकाची भाषा दुसऱ्याला धड येत नव्हती, पण माझ्या दुसऱ्या बोटाबद्दल दोघं अशी बोलत होती की जणू ती वर्षानुवर्षं एकत्र काम करत आलीयत. मी फळीवर उभी राहून खाली बघत होते. माझ्या मळक्या पायात एवढं बघण्यासारखं आहे हे मला पहिल्यांदा कळत होतं.

मोठ्याचं लहान होतं, चाचा म्हणाले, लहानाचं मोठं न्हाय. त्यांनी सगळी शिवण उसवली. तळवा कापला, वरचं कातडं कापलं, कडा रापीनं तासून पातळ केली. पायाच्या आकाराचा लाकडी साचा असतो, त्याला ते कलबूत म्हणत. माझ्या मापाचं त्यांच्याकडं नव्हतं, तर एक लहान कलबूत घेऊन त्यावर कातड्याचे कपटे चिकटवत चिकटवत त्यांनी माझा पाय तयार केला, दुसऱ्या बोटाचा उंचवटासुद्धा. उलटं शिवलं, ओलं करून सुलटं केलं, पुढं चुण्या बसवल्या. आठवड्यानं मी त्या सपाता घातल्या तेव्हा पायात काही नाही असं वाटलं, आणि तरी पाय कुणीतरी धरलाय असंही वाटलं. चालले तर फळ्यांच्या फटी तळव्याला कळत होत्या. बाईसाहेबांनी टोकाला अंगठा लावला आणि मान हलवली. मी उडी मारली. उतरले तेव्हा फार नाही, पण थोडा कमी आवाज झाला.

इथंच गोष्ट संपायला हवी होती. पण आई म्हणाली होती ते खरं होतं. माझा पाय झपाट्यानं वाढत होता.

दिवाळीनंतर दुसरं बोट टोकाला दाबायला लागलं. मग वाकताना ते मुडपायला लागलं. बाईसाहेब दर महिन्याच्या सुरुवातीला टोक दाबून बघत. त्यांचा अंगठा आला की मी बोट आत ओढून धरायची, म्हणजे त्यांना पुढं जागा आहेसं वाटे. मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? कापायला कातडं होतं तेव्हा कापलं, आता जोडायला कुठून येणार. आणि आईसमोर तोंड उघडायची मला हिंमत नव्हती, कारण बोटभराचं भांडण मीच केलं होतं. डिसेंबरात नखाखाली रक्त साखळलं. मी सपाता घालताना जीभ चावायची आणि नाचताना हसायची. नाचात हसरा चेहरा ठेवायला शिकवतात, त्याचा मला असा उपयोग झाला.

गॅदरिंगला पाच दिवस राहिले होते. बाईसाहेबांनी त्या दिवशी अंगठा लावला नाही. त्या म्हणाल्या, डोळे मीट आणि टाचा उचल. मी उचलल्या, आणि टाचा उचलल्यावर बोट आत ओढून धरता येत नाही. बोटं जमिनीवर पसरायला हवीत, तिथं माझं दुसरं बोट गाठ मारल्यासारखं वर आलेलं कातड्यातून स्पष्ट दिसलं. त्यांनी सपात काढली, नख पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला.

"किती दिवस?"

मी पाय मागं ओढायला गेले.

"वेडे, तुझी हाडं अजून कच्ची आहेत. ती ज्या जागी ठेवशील त्याच जागी पक्की होतील. मोठी सपात तुला पाडते. लहान सपात तुझा पायच बदलते." त्यांनी माझा पाय मांडीवर घेऊन बराच वेळ धरून ठेवला. "अनवाणी नाचवता आलं असतं, पण हे नख घेऊन फळीवर गिरकी मारता येणार नाही. तू यंदा बसून बघ."

मी घरी गेले तेव्हा रडत नव्हते. रडणं संपलं होतं. आईनं माझं लंगडणं पाहिलं, हात धरून ओसरीवर बसवलं आणि पाय ओढून घेतला. मला वाटलं आता ती म्हणणार, बघ, मी सांगत होते. ती नुसती बोटाकडं बघत राहिली. मग तिनं लुगड्याचा काठ सारून आपला डावा पाय माझ्या पायाशेजारी ठेवला.

आईच्या उजव्या पायातली जोडवी सगळ्या बायकांसारखी अंगठ्याशेजारच्या बोटात होती. डाव्या पायातली त्याच्या पुढच्या बोटात. माझ्या डोळ्यांसमोर ती जन्मभर होती आणि मी कधी विचारलं नव्हतं. डाव्या पायाचं दुसरं बोट मधेच खचलेलं, वर वाकलेलं होतं.

"तेरा वर्षांची होते," ती म्हणाली. "लग्नात घातली ती मापात बसली. सासरी आल्यावर पाय वाढला. जोडवी काढायची न्हाय असं सासूबाईंनी सांगितलेलं. मला वाटलं, दुखतंय म्हणून सांगितलं तर माहेरी धाडतील. बोट सुजलं, पिकलं. मग सोनाराला बोलावून जोडवी कापून काढली." तिनं पाय आत घेतला. "म्हणून म्हणते बोटभर सोडा. मला दुसरं काही येत न्हाय."

सहा वर्षांची असल्यापासून ज्या फ्रॉकवरून, चपलांवरून मी तिच्याशी भांडत आले, त्या सगळ्यामागं हे एक बोट होतं. चिक्कूपणा म्हणत होते मी त्याला. मला तिचे पाय धरावेसे वाटले, पण आमच्या घरात असलं काही करायची पद्धत नव्हती.

आई कधी एकटी बाजारात गेली नव्हती, जोडेवाल्याच्या ओट्यावर तर नाहीच. त्या दुपारी तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि मला घेऊन सरळ चाचांकडं गेली. चाचा उठून उभे राहिले.

"चाचा, पाच दिवस हायत," ती म्हणाली. "हिला नवीन करून द्या."

"गुलाबी कातडं न्हाय, भाभी. बकरीचं मऊ हाय, पण बदामी."

"रंग कुठलाबी चालंल."

चाचांनी मला फळीवर उभी केली. कलबूत काढलं, त्यावर आणखी कपटे चढवायला घेतले, आणि सवयीनं आईला विचारलं, "पुढं थोडं सोडू का? वाढती बच्ची हाय."

मी आईकडं बघितलं. ती माझ्या बोटाकडं बघत होती.

"न्हाय," ती म्हणाली. "बोटाबरोबर करा. वाढला की मी परत घेऊन येईन. दर वेळी येईन."

चाचांनी तीन दिवसांत सपाता दिल्या. बाईसाहेबांनी उभं करून, वाकवून, ताणून बघितलं आणि नखावर मऊ पट्टी बांधली. मोठी गिरकी काढून टाकली, उड्या ठेवल्या. गॅदरिंगच्या मांडवात दुपारचं ऊन कनातीतून गळत होतं, आणि स्टेजच्या फळ्यांवर सपातांचे तीन जोड गुलाबी आणि एक बदामी. मला लोक दिसले नाहीत. मला आठवतात ती माझी दहा बोटं, एकेक वेगळं, सरळ, फळीला टेकलेलं. वर गेले तेव्हा वाटलं, मला कुणी हात देऊन उचललं. खाली आले तेव्हा माझ्या कानांना काही ऐकू आलं नाही. तो नाच तीनेक मिनिटांचा असेल. त्यानंतर आयुष्यात मला बरंच काही मिळालं, पण एवढं पूर्ण काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई स्वयंपाकघरात डबे आवरत होती. अण्णा कचेरीत, भाऊ शाळेत. मी जाऊन तिच्यामागं उभी राहिले. ती न वळता म्हणाली, "ते टाचा उचलून उभी राहत होतीस, ते कसं करतात?"

मी म्हणाले, फळीला धर. तिनं डब्यांच्या फळीला दोन्ही हात लावले. मी म्हणाले, गुडघे सरळ, पोट आत, आता हळूहळू वर. तिनं लुगडं थोडं वर खोचलं आणि टाचा उचलल्या. आई तेव्हा बत्तिसाची असेल. मान आपोआप सरळ झाली. ती वर गेली आणि तशीच राहिली, डळमळली नाही. तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं, आणि माझ्या अंगावर पहिल्या दिवशी बाईसाहेबांना पाहून आला होता तसाच काटा आला.

"बोटं सरळ पसर, आई," मी म्हणाले. "सगळी टेकली पाहिजेत."

"टेकवतेय," ती म्हणाली.

मी खाली वाकून बघितलं. नऊ बोटं टेकली होती.